जिजाईच्या हातातली वहाण कशी शोधायची?

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं आणि ते उभं केलं पी. के. नायर यांनी. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची आणि ‘कालियामर्दन’ची हाती लागतील ती रिळं त्यांनीच मिळवून जपली. कुठल्या चित्रपटातलं कुठलं दृश्य कितव्या रिळात आहे हे नायर विचारल्याबरोबर सांगत, अशी त्यांची ख्याती. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ साली त्यांच्यावर ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट केला. तो पाहिलेल्यांना ही ख्याती ठाऊक आहे. नायर २०१६ साली गेले. रिळं राहिली, नोंदवह्या राहिल्या. डोक्यातली यादी मात्र उतरवून घेण्याची काही सोय नव्हती.

नोंदवहीत काय असतं? चित्रपटाचं नाव, साल, दिग्दर्शक, नट-नट्या, रिळांची संख्या, फार तर अर्ध्या पानाचं कथानक. एखादा माहितीपटकार येऊन म्हणाला, “मला नदीकाठी धुणं धुणाऱ्या बायका हव्यात, काळ्या-पांढऱ्यातल्या, साधारण चाळीसच्या आधीच्या,” तर नोंदवही काही बोलत नाही. कोणत्या शॉटमध्ये काय दिसतं हे कोणी लिहिलेलंच नसतं आणि लिहायला बसलं तर एका चित्रपटाला आठवडा जातो. अशा मागणीवर गेल्या काही वर्षांत एक वेगळं उत्तर आलं आहे: हवं ते दृश्य साध्या शब्दांत टाइप करायचं आणि यंत्राने हजारो फ्रेममधून त्याच्याशी जुळणाऱ्या फ्रेम समोर मांडायच्या. त्यासाठी कोणी आधी एक ओळही लिहून ठेवावी लागत नाही. हे कसं होतं आणि कुठे अडतं, हे एकाच दृश्याच्या मागे लागून पाहू.

दृश्य ‘संत तुकाराम’मधलं घेऊ. प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा १९३६चा चित्रपट. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम आणि गौरी यांची जिजाई. त्यात आजारी पोराला एका हाताने ओढत, दुसऱ्या हातात वहाण घेऊन जिजाई देवळात जाते, ती पांडुरंगालाच झोडपायला. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांना हे दृश्य विसरता येत नाही. पण ते नेमकं कितव्या मिनिटाला येतं, हे कितीजण सांगतील?

आता यंत्राकडे वळू. २०२१च्या जानेवारीत ओपनएआय या अमेरिकी कंपनीने ‘क्लिप’ नावाचं मॉडेल जाहीर केलं. आज चालणाऱ्या अशा बहुतेक शोधांच्या मुळाशी तेच किंवा त्याची भावंडं आहेत. यात दोन भाग असतात. एक भाग चित्र घेतो, दुसरा वाक्य घेतो आणि दोघंही शेवटी आकड्यांची एक माळ काढून देतात. क्लिपच्या सर्वांत प्रचलित लहान आवृत्तीत या माळेत ५१२ आकडे असतात. या माळेला एम्बेडिंग म्हणतात. अक्षांश-रेखांश या दोन आकड्यांनी पृथ्वीवरची जागा ठरते, तशी या ५१२ आकड्यांनी एका कल्पित अवकाशातली जागा ठरते. मी तिला पत्ता म्हणेन. गंमत अशी की चित्राचा पत्ता आणि वाक्याचा पत्ता एकाच अवकाशातला असतो, म्हणून त्यांच्यातलं अंतर मोजता येतं.

हे पत्ते ठरवायला कोणी बसवलेलं नसतं. इंटरनेटवरून चित्र आणि त्यासोबतची इंग्रजी ओळ अशा ४० कोटी जोड्या गोळा केल्या. शिकवताना एका वेळी ३२,७६८ जोड्या समोर ठेवल्या आणि मॉडेलला एकच काम दिलं: कोणत्या चित्राची कोणती ओळ, ते ओळख. म्हणजे प्रत्येक फेरीला १०७ कोटी संभाव्य जोड्या, त्यातल्या खऱ्या ३२,७६८. खरी जोडी असेल तर दोन्ही पत्ते एकमेकांकडे सरकवायचे, खोटी असेल तर लांब ढकलायचे. हे इतक्या वेळा झालं की शेवटी ‘घोड्यावरचा माणूस’ हे शब्द आणि घोड्यावर बसलेल्या माणसाचा कुठलाही फोटो आपोआप शेजारी येऊन बसले. ‘घोडा म्हणजे काय’ हे मॉडेलला वेगळं कोणी सांगितलं नाही. म्हणूनच ज्या चित्रपटाची कुणी यादी केलेली नाही, त्यातही त्याला घोडा सापडतो.

‘संत तुकाराम’ साधारण १३१ मिनिटांचा आहे. बोलपटाच्या रिळावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एकूण १ लाख ८८ हजारांहून जास्त. सगळ्या घेण्यात अर्थ नसतो, कारण लागोपाठच्या फ्रेम जवळजवळ सारख्याच असतात. सेकंदाला एक घेतली तरी ७,८६० होतात. प्रत्येक फ्रेमचा पत्ता काढून तिच्या वेळेसकट नोंदवून ठेवायचा. एका पत्त्याला जेमतेम दोन किलोबाइट जागा लागते. अख्ख्या चित्रपटाची ही अनुक्रमणिका १६ मेगाबाइटच्या आसपास भरते. मोबाइलवर काढलेल्या चार-पाच फोटोंइतकी. शोध घेताना वाक्याचा पत्ता काढायचा, तो या ७,८६० पत्त्यांशी ताडायचा आणि सगळ्यांत जवळचे पहिले वीस दाखवायचे. पत्ते काढायला वेळ लागतो, पण ते काम एकदाच. ताडायला साधा लॅपटॉपही सेकंदभर घेत नाही. हजार तासांचा संग्रह असला तरी ३६ लाख पत्ते आणि सात-साडेसात जीबी, एवढंच प्रकरण.

सेकंदाला एक फ्रेम घेण्याऐवजी आधी शॉट वेगळे करून प्रत्येक शॉटमधून दोन-तीन फ्रेम घेणं अधिक शहाणपणाचं. नाहीतर एकाच लांब शॉटच्या वीस फ्रेम पहिल्या वीस जागा अडवून बसतात आणि तुम्हाला वाटतं की चित्रपटात हे एकदाच येतं. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये उजेड-अंधाराची वाटणी एकदम बदलली की शॉट बदलला, असं धरून हे वेगळं करणं आपोआप होतं. जुन्या प्रतीवर मात्र ते फसतं. रीळ लुकलुकत असेल, मध्येच पांढरा ओरखडा आला असेल किंवा सांधलेल्या जागी उडी असेल, तर यंत्राला तिथेही शॉट बदलल्यासारखा वाटतो. फसगत ओळखायची खूण सोपी आहे: यादीत अर्ध्या सेकंदाहून छोट्या शॉटची गर्दी दिसली की समजावं, हे संकलकाचं काम नाही, फिल्मवरच्या ओरखड्यांचं आहे.

आता जिजाई. आपण लिहिलं, ‘हातात वहाण घेतलेली बाई’. आणि वर आल्या त्या नुसत्याच बायका: ओसरीवरच्या, चुलीपाशी बसलेल्या, गर्दीतल्या. वहाण कुठेच नाही. असं झालं तर दोष शब्दांत नसतो, फ्रेमच्या आकारात असतो. क्लिपची ही आवृत्ती कुठलंही चित्र पाहण्याआधी ते २२४ बाय २२४ ठिपक्यांपर्यंत लहान करते आणि मग त्याचे ३२ ठिपके रुंदीचे ४९ चौकोनी तुकडे पाडून वाचते. दूरच्या शॉटमध्ये बाई फ्रेमच्या निम्म्या उंचीची आहे असं धरा. म्हणजे ती ११२ ठिपके उंच. वहाणेची लांबी माणसाच्या उंचीच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे १८-१९ ठिपके. वाचण्याच्या एका तुकड्याहून लहान! त्यात प्रत जुनी, कडा धूसर, वहाण गडद आणि मागे अंधारं देऊळ. मॉडेलच्या दृष्टीने ती वहाण जवळजवळ नाहीच. तीच वहाण हात उगारलेल्या जवळच्या शॉटमध्ये पाऊण फ्रेम व्यापत असेल, तर पहिल्या फटक्यात सापडायला हरकत नाही. मोठ्या आवृत्त्या चित्राचे १४ ठिपक्यांचे तुकडे पाडतात. त्यांना बारीक वस्तू बऱ्या दिसतात, पण पत्ते काढायला वेळही कितीतरी जास्त लागतो.

म्हणून सराईत माणूस वहाण शोधतच नाही. दृश्यात जे मोठं आहे ते तो शोधतो: ‘मुलाचा हात धरून ओढत नेणारी साडीतली बाई’, ‘देवळातल्या दगडी खांबांशी उभी असलेली बाई’. दोन्ही शोधांत जी मिनिटं जवळजवळ येतात तिथे जाऊन आजूबाजूची मिनिटभराची चित्रफीत स्वतः पाहायची. वहाण तिथे डोळ्यांनी सापडते. माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं खरं कसब हेच. गोष्ट विसरून जायची आणि पडद्यावर काय किती जागा व्यापतं, याचा विचार करायचा.

फ्रेमच्या आकाराचा आणखी एक फटका असतो आणि तो फार जणांच्या लक्षात येत नाही. मॉडेलला चौरस चित्र लागतं, पण सिनेमाची चौकट चौरस नसते. नेहमीच्या पद्धतीत चित्राचा मधला चौरस घेतात आणि दोन्ही बाजू छाटतात. प्रभातच्या काळातली चौकट उंचीच्या सुमारे १.३७ पट रुंद, म्हणजे २७ टक्के चित्र गेलं. एक पात्र डाव्या कडेला आणि दुसरं उजव्या कडेला असेल तर मॉडेलला मधली भिंत दिसते. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तसल्या २.३५ पट रुंद चौकटीतून मधला चौरस काढला तर निम्म्याहून जास्त चित्र कापलं जातं, आणि रुंद पडद्याचा उपयोग करणारे छायाचित्रकार तर पात्रं मुद्दाम कडेला ठेवत. उपाय साधे आहेत. वरखाली काळ्या पट्ट्या देऊन पूर्ण चित्र चौरसात बसवावं किंवा डावा, मधला, उजवा असे तीन चौरस घेऊन तिघांचे पत्ते ठेवावेत. अनुक्रमणिका तिप्पट होते, पण कडेची माणसं परत येतात. अशी यंत्रणा विकायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारावा: चौकटीच्या कडांचं तुम्ही काय करता?

फ्रेम नीट बसली तरी मॉडेलला वाक्य कितपत कळतं? शब्द कळतात, त्यांचे नाते फारसे कळत नाहीत. २०२२ साली संशोधकांनी ‘विनोग्राउंड’ नावाची एक परीक्षा रचली. तिच्यात तेच शब्द उलटसुलट करून दोन वाक्यं केली होती, जसं दिव्याभोवती झाडं आणि झाडांभोवती दिवा, आणि प्रत्येकाचं वेगळं चित्र. कोणतं वाक्य कोणत्या चित्राचं, हे सांगताना त्या वेळची नावाजलेली मॉडेलं चिठ्ठी टाकून उत्तर दिल्याहून फार पुढे गेली नाहीत. आपल्या दृश्यात याचा अर्थ असा: ‘बाई पुरुषावर ओरडते’ आणि ‘पुरुष बाईवर ओरडतो’ या दोन शोधांना जवळपास तेच निकाल येतील. नकाराचंही तसंच. ‘पागोटं नसलेला माणूस’ लिहिलंत तर पागोटेवालेच पुढे येतात, कारण पागोटं हा शब्द तिथे आहे. आणि ‘देवावर रागावलेली’ हे तर कुठल्याच एका फ्रेममध्ये दिसत नाही. ते आधीच्या दहा मिनिटांत घडलेलं असतं.

मूकपटांत आणखी एक विनोद होतो. क्लिपला चित्रातली इंग्रजी अक्षरं थोडीफार वाचता येतात, कारण शिकताना पाट्या, जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठं भरपूर पाहिलेली. २०२१ साली ओपनएआयच्याच संशोधकांनी एका सफरचंदावर ‘iPod’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली, तर मॉडेल सफरचंद विसरलं आणि हा आयपॉड आहे म्हणालं. आता ‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या रिळांमध्ये दृश्यांच्या अधेमधे हिंदी-इंग्रजी मजकुराच्या पाट्या आहेत. तिथे इंग्रजीतून राजा शोधा. सिंहासनावरच्या राजाआधी ‘किंग’ शब्द असलेली पाटी वर येण्याचा धोका आहे. परदेशी महोत्सवांसाठी इंग्रजी तळओळी छापलेल्या जुन्या बोलपटांच्या प्रतींतही हेच. चित्रात देऊळ नसतानाही तळओळीतला ‘टेम्पल’ फ्रेमला खेचून आणतो. म्हणून पाट्यांच्या फ्रेम आधीच बाजूला काढून त्यांतला मजकूर वेगळा वाचून ठेवावा आणि तळओळींचा पट्टा पत्ता काढण्याआधी छाटून टाकावा.

मराठीतून शोधता येतं का? मूळ क्लिप इंग्रजीवर वाढलेलं. देवनागरी दिली तर तो अक्षरांचे बारीक तुकडे करतो, त्यांचा चित्रांशी त्याने कधी संबंधच पाहिलेला नसतो, आणि ७७ तुकड्यांची मर्यादाही लवकर संपते. उत्तर येतं, पण ते कशाचंही असतं. यावर एक चांगली युक्ती निघाली. चित्रांचा भाग तसाच ठेवायचा आणि वाक्यांसाठी अनेक भाषा जाणणारा दुसरा भाग आणायचा. त्याला इंग्रजी वाक्य आणि त्याचं भाषांतर देऊन शिकवायचं की इंग्रजी वाक्याचा जो पत्ता, तोच भाषांतराचाही आला पाहिजे. चित्रं पुन्हा दाखवावी लागत नाहीत. अशी पन्नासहून जास्त भाषांची एक मोफत आवृत्ती `clip-ViT-B-32-multilingual-v1` या नावाने मिळते आणि त्या भाषांत मराठी आहे. साध्या वाक्यांना ती पुरते: नदी, बैलगाडी, रडणारं मूल. पण इथे मराठी शब्द इंग्रजीच्या अंगणातूनच चित्रापर्यंत पोचतो, हे विसरू नये. ‘नऊवारी’, ‘चिपळ्या’, ‘वारकरी’ हे शब्द इंटरनेटवरच्या इंग्रजी ओळींत किती असणार? तिथे वस्तूचं नाव न लिहिता तिचं रूप लिहावं: कपाळावर टिळा, डोक्यावर पागोटं, हातात तंतुवाद्य घेतलेला माणूस.

यंत्राला ‘इथे असं काही नाही’ म्हणता येत नाही, आणि नवख्या माणसाला सगळ्यांत जास्त फसवते ती ही गोष्ट. ‘संत तुकाराम’मध्ये रेल्वेचं इंजिन शोधा; वीस फ्रेम येतीलच, कारण कुठल्या तरी वीस फ्रेम बाकीच्यांपेक्षा इंजिनाच्या जवळ असणारच. जवळिकीचा आकडा पाहून ओळखू म्हटलं तर तोही दिशाभूल करतो. हा आकडा तत्त्वतः एकपर्यंत जाऊ शकतो, पण क्लिपमध्ये अगदी अचूक जोडीचाही साधारण ०.२५ ते ०.३५ येतो, आणि चुकीच्या जोडीचा थोडाच कमी. त्यामुळे अमुक आकड्याच्या वरचं खरं, अशी रेघ ओढून चालत नाही. त्यापेक्षा उतार पाहावा. नेमकं दृश्य असेल तर पहिल्या काही फ्रेमचे आकडे बाकीच्यांहून वेगळे उठून दिसतात. नसेल तर पहिली आणि शंभरावी यांत नावापुरताच फरक असतो. दुसरी खूण, वर आलेल्या फ्रेम चित्रपटभर विखुरलेल्या असतील तर बहुधा फसगत, एकाच ठिकाणी घोळक्याने असतील तर तिथे काहीतरी आहे.

संग्रहालयाने अशी यंत्रणा बसवली तर ती किती खरी उतरते हे मोजायची रीतही अवघड नाही. यंत्र न वापरता, चित्रपट पाहिलेल्या माणसाने पन्नास दृश्यं निवडावी, त्यांची वेळ लिहावी आणि दुसऱ्याने फक्त वर्णनावरून शोध घ्यावा. पहिल्या दहा निकालांत किती दृश्यं आली, हा एक आकडा पुरे. यादीत जवळचे शॉट, दूरचे शॉट, रात्रीची दृश्यं, गर्दी, सगळं असावं. नुसती देवळं आणि घोडे निवडले तर यंत्र फार हुशार ठरतं. सांगणारा आणि शोधणारा एकच माणूस नसावा, कारण चित्रपट ठाऊक असलेला माणूस नकळत यंत्राला सोयीचं वर्णन लिहितो.

आणि ही अनुक्रमणिका जपताना एक काळजी घ्यावी लागते. एका मॉडेलने काढलेले पत्ते दुसऱ्या मॉडेलच्या अवकाशात निरर्थक असतात. उद्या चांगलं मॉडेल आलं की सगळे पत्ते नव्याने काढावे लागणार. म्हणून कोणत्या मॉडेलची कोणती आवृत्ती वापरली, सेकंदाला किती फ्रेम घेतल्या, कडा छाटल्या की नाही, आणि वेळ मोजायला कोणती डिजिटल प्रत धरली, हे लिहून ठेवलं नाही तर पाच वर्षांनी त्या १६ मेगाबाइटचा कुणाला उपयोग नाही. शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. एका चित्रपटाच्या दोन प्रतींची लांबी क्वचितच सारखी असते. एका प्रतीवरचं ४२वं मिनिट दुसरीवर ४० वरही येऊ शकतं.

यातून नोंदवही निकामी होत नाही, उलट तिचं काम स्पष्ट होतं. पडद्यावरची बाई कोण, ते देऊळ कुठलं, नटाच्या मागे उभा असलेला अनाम पखवाजवाला कोण, हे मॉडेलला कळणार नाही. घरात जुन्या चित्रपटांत काम केलेलं, सेटवर वावरलेलं कुणी असेल, तर त्यांच्याकडून ही नावं चित्रपट आणि मिनिटासकट लिहून घ्या आणि संग्रहालयाला कळवा. आणि शोधाचा प्रकार स्वतः पाहायचा असेल तर ‘संत तुकाराम’च्या स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे, वर सांगितलेलं मॉडेल मोफत आहे, आणि घरचा लॅपटॉप या कामाला पुरतो. जिजाईपासून सुरुवात करा. पण वहाण नका विचारू, देऊळ विचारा.